पोटाचा आकार नेमकं काय सांगतो?

प्रश्न: डॉक्टर, मला तिसावा आठवडा चालू आहे. ही दुसरी खेप. पहिल्या वेळी पोट गोल, पसरट होतं आणि मुलगी झाली. या वेळी पोट पुढे टोकदार आलंय आणि सारखं गोड खावंसं वाटतं. सासूबाई, मावशी, शेजारच्या काकू, सगळ्या म्हणतात या वेळी मुलगाच. पोटाच्या आकारावरून किंवा डोहाळ्यांवरून खरंच काही कळतं का? इतक्या जणी अनुभवाने सांगतात, ते सगळं खोटं कसं असेल?

उत्तर:

मुलगा की मुलगी हे पोटाच्या आकारावरून कळत नाही आणि डोहाळ्यांवरूनही कळत नाही. पण म्हणून पोटाच्या आकाराला काही अर्थच नाही, असं मी म्हणणार नाही. गर्भाशय किती वाढलंय, बाळ उभं आहे की आडवं, त्याची पाठ कुठल्या बाजूला आहे, पाणी कमी आहे की जास्त, तुमच्या पोटाचे स्नायू किती ताणले गेलेत, हे सगळं त्या आकारात असतं. मुलगा-मुलगीच्या चर्चेत नेमकं तेच बघायचं राहून जातं, आणि मला काळजी त्याची वाटते. म्हणून उत्तर थोडं लांबवते.

आधी लिंगाचं बघू. स्त्रीबीजात नेहमी एक्स गुणसूत्र असतं. शुक्रजंतूत एक्स किंवा वाय यांपैकी एक असतं. कुठला शुक्रजंतू बीजात शिरला यावर लिंग त्या क्षणी ठरून जातं. वाय गुणसूत्र असेल तर गर्भधारणेनंतर सहाव्या-सातव्या आठवड्यात त्यावरचं एक जनुक कामाला लागतं आणि वृषण तयार व्हायला सुरुवात होते. बाहेरून दिसणारे अवयव त्यानंतरही काही आठवडे दोघांचे सारखेच असतात. या सगळ्यात गर्भाशयाचा आकार, ते पुढे झुकणं किंवा बाजूला पसरणं बदलेल असं काहीच घडत नाही. मुलाचं गर्भाशय आणि मुलीचं गर्भाशय असे दोन प्रकार नसतात.

वजनात फरक असतो, पण तो किती ते पाहा. पूर्ण दिवसांचे मुलगे जन्माच्या वेळी मुलींपेक्षा सरासरीने शंभर-सव्वाशे ग्रॅम जड असतात. आता नववा महिना भरताना पोटात काय काय असतं? तीन किलोच्या आसपास बाळ, अर्धा किलोची वार, पाऊण लिटरच्या आसपास पाणी, आणि गरोदरपणाआधी साठ-सत्तर ग्रॅमचं असलेलं पण आता एक किलोपर्यंत वाढलेलं गर्भाशय. पाच किलोंच्या वर भरणाऱ्या या ऐवजात शंभर ग्रॅमचा फरक साडीवरून किंवा कुर्त्यावरून कुणालाही दिसणार नाही. आणि तोही सरासरीचा फरक आहे. अडीच किलोचे मुलगे आणि पावणेचार किलोच्या मुली रोज जन्माला येतात.

मग दोन खेपांना पोट वेगळं का दिसलं? तुमच्या बाबतीत पहिलं कारण तर समोरच आहे: ही दुसरी खेप आहे. पोटाच्या मधोमध दोन उभे स्नायू असतात आणि त्यांना जोडणारी एक चिवट पट्टी असते. पहिल्या गरोदरपणात हे स्नायू घट्ट असतात, वाढत्या गर्भाशयाला आत धरून ठेवतात. एकदा ताणले गेले की मधली पट्टी रुंदावते आणि पुन्हा पूर्वीइतकी आवळत नाही. पुढच्या खेपेला गर्भाशय लवकर आणि जास्त पुढे झुकतं. अंथरुणावरून सरळ उठताना पोटाच्या मध्यावर डोंगराच्या कण्यासारखा उंचवटा येतो का ते बघा. येत असेल तर ही पट्टी ताणलेली आहे आणि तुमच्या 'टोकदार' पोटाचा बराचसा उलगडा तिथेच झाला. उठताना आधी कुशीवर वळा आणि हाताच्या आधाराने उठा, त्या पट्टीवर ताण कमी येईल.

दुसरं कारण अंगकाठीचं. फासळ्या आणि कमरेचं हाड यांच्यातलं अंतर कमी असेल तर गर्भाशयाला वर सरकायला जागा मिळत नाही, ते पुढे येतं. धड लांब असलेल्या बाईचं तेवढंच गर्भाशय उभं मावतं आणि पोट लहान वाटतं. तिसरं कारण बाळाच्या स्थितीचं. बाळाची पाठ पुढच्या बाजूला असेल तर पोट भरीव, गोलसर दिसतं. पाठ तुमच्या मणक्याकडे असेल तर बेंबीपाशी पोट चपटं किंवा थोडं खोलगट दिसतं आणि हातपाय पुढे जाणवतात. बाळ आडवं असेल तर पोट रुंद दिसतं. तिसाव्या आठवड्यात बाळाला फिरायला अजून जागा असते, त्यामुळे सकाळचं पोट आणि संध्याकाळचं पोटसुद्धा वेगळं दिसू शकतं. लिंग काही सकाळ-संध्याकाळ बदलत नाही.

ही समजूत कुणी तपासून पाहिली का, असं मला बऱ्याच जणी विचारतात. पाहिली आहे. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी १०४ गरोदर बायकांना बाळाबद्दलचा अंदाज आणि तो कशावरून बांधला ते विचारलं, पोट कसं दिसतं याचीही नोंद घेतली. बाळाचं लिंग त्यांच्यापैकी कुणालाही आधी माहीत नव्हतं. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पोटाच्या आकाराचा आणि बाळाच्या लिंगाचा काहीही संबंध सापडला नाही. सगळ्यांचे अंदाज मिळून निम्म्याहून थोडेच जास्त बरोबर आले, म्हणजे नाणं उडवून जेवढे आले असते जवळपास तेवढेच.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येते, इतक्या जणींचा अनुभव खोटा कसा. त्या खोटं बोलत नाहीत. फक्त उत्तरं दोनच असल्यामुळे काहीही सांगितलं तरी निम्म्या वेळा खरं ठरतं. शेजारच्या काकूंनी आयुष्यात वीस जणींना सांगितलं असेल तर नुसत्या योगायोगाने दहा-अकरा वेळा ते बरोबर आलं असणार. बरोबर आलेलं घरात वर्षानुवर्षं सांगितलं जातं. चुकलेलं बारशाच्या गडबडीत विरून जातं, किंवा 'सातव्या महिन्यानंतर पोट पसरलं होतं खरं' अशी त्याला पुरवणी जोडली जाते. शिवाय नियमही एक नाही. एका घरात गोड खावंसं वाटलं की मुलगा, दुसऱ्या घरात तेच मुलीचं लक्षण. दोन्ही घरं आपापल्या अनुभवाची खात्री देतात.

हे सगळं निरुपद्रवी आहे, गंमत म्हणून सोडून द्यावं, असं मलाही वाटलं असतं. पण एक उदाहरण सांगते, ओळख पटू नये म्हणून बारीक तपशील बदलून.

एक बाई दुसऱ्या खेपेला एकतिसाव्या आठवड्यात तपासायला आल्या. सोबत सासूबाई होत्या. 'या वेळी पोट बघा किती आटोपशीर आहे, लहानसं आणि पुढे. पहिलीच्या वेळी केवढं पसरलं होतं,' असं त्या कौतुकाने सांगत होत्या. घरात मुलगा येणार हे ठरूनच गेलं होतं. बाईंनाही बरं वाटत होतं, हालचाली होत्या, पोट जड नव्हतं. मी टेपने गर्भाशयाची उंची मोजली तर २६ सेंटिमीटर भरली. तीन आठवड्यांपूर्वीच्या कार्डावरही २६ होती. म्हणजे एकतिसाव्या आठवड्याला जेवढी हवी त्यापेक्षा पाच सेंटिमीटर कमी, आणि त्याहून महत्त्वाचं, तीन आठवड्यांत वाढच नाही.

अशा वेळी आधी दिवस बरोबर धरलेत ना ते बघायचं. त्यांची पहिल्या तिमाहीतली सोनोग्राफी होती आणि त्यातली बाळाची लांबी तारखेशी जुळत होती, त्यामुळे हिशेब चुकलेला नव्हता. मग नवी सोनोग्राफी केली. डोक्याचं माप वयाला साजेसं, मांडीचं हाड थोडं लहान, पण पोटाचा घेर फारच कमी. अंदाजे वजन साडेबाराशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे त्या आठवड्याच्या शंभर बाळांना वजनाने ओळीत लावलं तर शेवटच्या तिघांत. हे चित्र ओळखीचं असतं. वारेतून रक्त कमी मिळायला लागलं की बाळ मेंदूचा पुरवठा सांभाळतं आणि यकृतातला साठा वापरतं, म्हणून पोटाचा घेर आधी मागे पडतो. डॉपलर तपासणीत नाळेच्या रक्तवाहिनीत अडथळा वाढलेला दिसला, पण प्रवाह खंडित झालेला नव्हता. आईचा रक्तदाबही हळूहळू वर सरकत होता.

तिथून पुढे आठवड्यातून दोनदा हृदयाच्या ठोक्यांची तपासणी आणि डॉपलर, दर दोन आठवड्यांनी वाढीची मापं, रक्तदाबाची गोळी, आणि हालचाली कमी वाटल्या तर त्याच क्षणी निघून यायचं, असं ठरलं. प्रवाह बिघडला असता तर फुप्फुसं तयार होण्यासाठी इंजेक्शनं देऊन लवकर प्रसूती करावी लागली असती. तशी वेळ आली नाही. सदतीस आठवडे भरल्यावर प्रसूती केली. बाळ दोन किलोचं होतं, साखर कमी होत असल्यामुळे काही दिवस नवजात कक्षात राहिलं आणि नीट घरी गेलं.

आणि हो, मुलगा झाला. त्या घरात आजही 'पोट लहान आणि टोकदार म्हणजे मुलगा' हे अगदी पक्कं आहे. पोट लहान होतं ते बाळाची वाढ थांबल्यामुळे. ज्या लक्षणावर घर खूश होतं, तेच लक्षण आम्हाला धावाधाव करायला लावणारं होतं. त्या बाईंनी 'सगळं छान चाललंय' म्हणून तपासणी दोन-तीन आठवडे पुढे ढकलली असती, तर हे वेळेत कळलं नसतं.

म्हणून पोट वाचायची जी खरी पद्धत आहे, ती तुम्हाला माहीत असावी असं मला वाटतं. बाराव्या आठवड्याच्या सुमाराला गर्भाशयाचा माथा ओटीपोटाच्या हाडाच्या वर हाताला लागायला लागतो. वीस ते बावीस आठवड्यांना तो बेंबीच्या पातळीला असतो. छत्तिसाव्या आठवड्याला छातीच्या हाडाच्या टोकाशी पोचतो आणि पुढे बाळाचं डोकं खाली उतरलं की थोडा खाली येतो. चोवीस आठवड्यांनंतर ओटीपोटाच्या हाडापासून माथ्यापर्यंतची सेंटिमीटरमधली उंची साधारण आठवड्यांइतकी असते, दोन इकडे-तिकडे. तुमच्या तिसाव्या आठवड्याला २८ ते ३२ सेंटिमीटर अपेक्षित आहे.

मोजताना लघवी करून आलेलं असावं, कारण भरलेलं मूत्राशय माथा वर ढकलतं आणि माप जास्त येतं. उताणं झोपून, पाय सैल ठेवून, आधी हाताने माथा शोधायचा, मग तिथून खाली हाडाच्या वरच्या कडेपर्यंत टेप धरायची. मी टेपची आकड्यांची बाजू खाली ठेवते आणि माप घेतल्यावर उलटून बघते. अपेक्षित आकडा डोक्यात असला की हात नकळत तिकडे सरकतो, ते टळतं. शक्य असेल तर दर वेळी एकाच व्यक्तीने मोजलेलं चांगलं.

या मापाला मर्यादा आहेत. जुळी असतील, गाठी असतील, बाळ आडवं असेल किंवा वजन बरंच जास्त असेल तर टेपवर भिस्त ठेवता येत नाही, सोनोग्राफीच लागते. आणि टेप चांगली वापरली तरी कमी वाढीची काही बाळं तिच्यातून निसटतात. तरी एका मापापेक्षा मापांची चढती रेघ जास्त बोलते. आज २९, तीन आठवड्यांनी ३२ असेल तर मी निश्चिंत असते. रेघ सपाट झाली तर सोनोग्राफी, आणि एकदम उंच उडाली तरी सोनोग्राफी. काही दिवसांत पोट झपाट्याने वाढलं, कातडी ताणून चकाकायला लागली, आडवं पडल्यावर दम लागायला लागला, तर पाणी जास्त झालेलं असू शकतं. अशा पोटाला 'केवढं मोठं, मुलगीच आहे' म्हणून घरी बसवून ठेवू नका.

डोहाळ्यांबद्दल थोडक्यात. चव आणि वास बदलणं, एखादी गोष्ट हवीशी वाटणं, एखादीची शिसारी येणं हे मुलाच्या आणि मुलीच्या गरोदरपणात सारखंच होतं. गोड खावंसं वाटणं एवढ्यावरून मी काही काढत नाही. फक्त सोबत खूप तहान लागत असेल, सारखी लघवी होत असेल, तर साखर तपासायला हवी. तशीही चोवीस ते अठ्ठावीस आठवड्यांत ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन करायची तपासणी सगळ्यांनी करावी. तुमची राहिली असेल तर या आठवड्यात करून घ्या. आणि माती, खडू, कच्चे तांदूळ किंवा बर्फ चघळावासा वाटत असेल तर तो लाजून लपवायचा डोहाळा नाही. त्यामागे बऱ्याचदा लोहाची कमतरता असते. हिमोग्लोबिन आणि लोहाचा साठा दाखवणारी फेरिटिन तपासणी करा. लोह भरून निघालं की बर्फाची ती ओढ पुष्कळदा आपोआप जाते.

एका समजुतीत मात्र थोडं तथ्य आहे, ते प्रामाणिकपणे सांगायला हवं: खूप उलट्या म्हणजे मुलगी. स्वीडनमधल्या नोंदींवरून १९९९ साली असं दिसलं की उलट्यांमुळे रुग्णालयात दाखल व्हावं लागलेल्या बायकांना शंभरात साधारण पंचावन्न-छप्पन्न वेळा मुली झाल्या. एरवी हे प्रमाण शंभरात एकोणपन्नासच्या आसपास असतं. फरक खरा आहे, पण त्यावरून एका बाईला काहीच सांगता येत नाही. प्रत्येकीला 'मुलगी' सांगितलं तरी शंभरात चव्वेचाळीस वेळा चुकणार. आणि हे दाखल व्हावं लागण्याइतक्या उलट्यांचं आहे, रोजच्या मळमळीचं नाही. तशा उलट्यांत बघायचं ते वजन किती घटलं, लघवी गडद आणि कमी होतेय का, पाणी तरी पोटात ठरतंय का. हृदयाच्या ठोक्यांचंही तसंच. १४० च्या वर मुलगी आणि खाली मुलगा हे खरं नाही. ठोके नवव्या आठवड्याच्या सुमाराला सर्वांत जलद असतात, पुढे दोघांचेही हळूहळू कमी होत ११० ते १६० मध्ये राहतात, आणि बाळ हललं की वाढतात.

शेवटी हालचालींबद्दल, कारण तुम्ही आता ज्या टप्प्यात आहात तिथे ही सर्वांत कामाची गोष्ट आहे. 'मुलगा जास्त लाथा मारतो, मुलगी शांत असते' असं तुम्हाला कुणी तरी सांगेलच. 'दिवस भरत आले की बाळ शांत होतं' असंही सांगतील. दोन्हींवर विसंबू नका. शेवटच्या आठवड्यांत हालचालींचा प्रकार बदलतो, धक्क्यांऐवजी सरकणं, ताणणं जास्त जाणवतं, पण त्या कमी व्हायला नकोत. तुमच्या बाळाची रोजची तऱ्हा तुम्हाला आता कळायला लागली असेल, कधी जागं असतं, किती हलतं. ती बदलली, हालचाली कमी वाटल्या, तर डाव्या कुशीवर झोपून दोन तास फक्त तिकडेच लक्ष द्या. दहा हालचालीही जाणवल्या नाहीत, किंवा जाणवूनही मनाला खात्री वाटली नाही, तर सकाळची वाट न बघता त्याच वेळी प्रसूतिगृहात जा. घरी बाळाचे ठोके ऐकायचं यंत्र असेल तर त्यावर समाधान मानू नका. ठोके ऐकू येणं आणि बाळ ठीक असणं यांत फरक आहे, आणि त्या यंत्रावर कधी कधी आईचीच नाडी ऐकू येते.

पुढच्या तपासणीला कार्डावरची गर्भाशयाच्या उंचीची मागची सगळी मापं दाखवायला सांगा. चोवीस आठवड्यांपासूनचं एखादं लिहायचं राहिलं असेल तर त्याच दिवशी मोजून लिहून घ्या.